‘मजकूर खाली’ एवढी सूचना पुरत नाही

> ‘स्क्रिप्टमध्ये “मजकूर खाली” लिहिलं की एडिटरला कळतं. अजून काय लिहायचं?’

आडव्या व्हिडिओत कळतं, रीलमध्ये नाही. १०८०×१९२० च्या चौकटीत मेटा जाहिरातींसाठी वरचे १४ आणि खालचे ३५ टक्के मोकळे ठेवायला सांगते. म्हणजे मजकूर वरून साधारण २७० ते १२५० पिक्सेलमध्येच. त्याखाली खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं.

जळगावात भरताची रील करताना आमचं हेच चुकलं. ‘वांगी काड्यांवर भाजा’ ही ओळ खाली होती, ती खात्याच्या नावाखाली झाकली गेली. एडिटिंगमध्ये वर सरकवली तर नेमकी भाजत्या वांग्यांवर आली, कारण शॉटच तसा घेतला होता. शेवटी तो शॉट परत घेतला.

आता सूचना अशी लिहितो: ‘मजकूर डावीकडे, दोन ओळी, खालची कड वरून १२०० पिक्सेलवर, वांगी चौकटीच्या वरच्या अर्ध्यात.’ खालची कड बांधून दिली की दुसरी ओळ वाढली तरी मजकूर वर सरकतो, खाली उतरत नाही. आणि ही सूचना कॅमेरावाल्याच्या हातात शूटिंगआधीच हवी.