अनुभव धागा: फोटो एडिटिंगचे दर, दुरुस्त्या आणि काळी साडी

निऱ्या_आणि_बटा: काल मेलबॉक्स साफ करताना एक जुनी मेल सापडली आणि ते अकरा दिवस आठवले. विश्रामबागच्या एका बुटीकला पाठवलेली. जशीच्या तशी देते:

"ताई, ३६ फोटो, प्रत्येकी ११० प्रमाणे ३,९६० रुपये. यात ब्लाउजच्या चुण्या, विस्कटलेल्या निऱ्या आणि चेहऱ्यावरच्या बटा येतील. उसाच्या फडासमोरच्या ९ फोटोंत केस मोकळे आहेत आणि मागचा ऊस काढायचाय, म्हणून त्यांचे प्रत्येकी १५० जादा. एकूण ५,३१०. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. काळ्या साडीची अबोली होणार नाही."

फेरी म्हणजे काय, ते लिहायचं राहिलं. त्या रोज रात्री एकेका फोटोचं कळवायच्या आणि त्यांच्या हिशेबी ती सगळी पहिलीच फेरी. आता मी लिहिते: एक फेरी म्हणजे सगळ्या फोटोंची एकच यादी, तीन दिवसांत. तुमचंही सांगा.

कृष्णाकाठ: ९ फोटोंचे १५० कमीच लावलेत. उसाचा हिरवा रंग केसांच्या कडेवर चढतो. मागचा ऊस काढून पांढरी पाठ लावा, हिरवी किनार लगेच दिसेल. मी आधी फक्त कडेचा हिरवा उतरवतो, मग बारीक ब्रशने चार-दोन केस ओढतो. सगळे सुटे केस पुसले तर डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

मिरजेचा_पोरगा: काळ्याची अबोली का नाही? रॉ फाइल मागायची, रॉमधून काहीही काढता येतं.

कृष्णाकाठ: काहीही नाही रे. सावलीतलं थोडं वर येतं, ते खरं. पण काळ्यात निऱ्याच बुडाल्या असतील तर उजळल्यावर नुसते दाणे दिसतात, कापड दिसत नाही. अबोलीची काळी कर, ते जमतं.

मिरजेचा_पोरगा: माझी काळी पैठणी झाली होती की मोरपंखी.

निऱ्या_आणि_बटा: मोरपंखी गडदच की. शिवाय तुझ्या फोटोत उजेड चांगला असणार, घड्या दिसत असतील.

साताऱ्याची_सून: कुकर लावून लिहितेय. सासऱ्यांच्या लग्नातल्या फोटोवर पाण्याचा डाग पडलाय, सासूबाईंचा अंबाडाच गेलाय. ११० मध्ये होईल का?

निऱ्या_आणि_बटा: नाही हो ताई, ते काम वेगळं. अंबाडा दिसतच नसेल तर तो नव्याने काढावा लागेल. त्याच दिवसाचा दुसरा फोटो आहे का घरात? मोबाइलने टिपू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या.

साताऱ्याची_सून: नणंदेकडे अल्बम आहे, वाईला. संक्रांतीला जाईन तेव्हा बघते.

पेठेतली_मावशी: मी तर आधी एकच फोटो करून दाखवते, सगळ्यात अवघड असेल तो. तो पसंत पडला की निम्मे पैसे घेऊन बाकीचे सुरू. पण एक सांगा, आपल्याच हातून बट पुसायची राहिली तर ती त्यांच्या दोन फेऱ्यांत धरता?

कृष्णाकाठ: मी धरतो. त्यांनी एकाच यादीत सांगायचं.

निऱ्या_आणि_बटा: मी नाही धरत. माझी चूक, मी फुकट करून देते.