मदत हवी आहे: लिथियम चालू असताना क्रिएटिन

धाकट्या भावाला बायपोलर आहे, चार वर्षं लिथियम चालू. जिमच्या ट्रेनरने डॉक्टरांना न विचारता रोज 5 ग्रॅम क्रिएटिन सुरू करून दिलं. परवाच्या रिपोर्टात किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 0.9 वरून 1.3! क्रिएटिन पावडरने हा आकडा किडनी ठीक असतानाही वाढतो म्हणे, पण लिथियम किडनीवाटेच बाहेर पडतं, मग खरं दुखणं ओळखायचं कसं? त्यात क्रिएटिनवर काही बायपोलर पेशंटना मॅनिया झाल्याचं वाचलं, आणि हा तीन रात्री दोन वाजता कपाटं आवरतोय. पावडर थांबवली, गोळी नाही. सायकियाट्रिस्टना फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. लिथियम लेव्हलसोबत किडनीची सिस्टॅटिन सी टेस्ट कुणी करून घेतलीय का? डब्याचं लेबल नेतोच आहे, अजून काय दाखवू?