नवीन नोकरीची ४१२ शब्दांची पोस्ट आणि गुरुजींची कात्री

रिकामा_गुरुजी: माझ्या एका माजी विद्यार्थ्याने नोकरी लागल्याची पोस्ट टाकली. मोजली, ४१२ शब्द. आधी सुविचार, मग लहानपण, मग २३ जणांचे आभार, आणि नोकरी कोणती ते चौथ्या परिच्छेदात. मी म्हटलं ६० शब्दांत आण आणि जरा नम्र लिही. आठ दिवस झाले, फोन उचलत नाही. माझं चुकलं का? नोकरीच लागली ना, आत्मचरित्र कशाला?

पऱ्हाटीवाला: चुकलंच तुमचं गुरुजी, अन् मी लांबच लिहिणार हाय, मोजत बसा. ज्याच्या घरात तीन पिढ्या पगार येते त्याले दोन ओळीत भागते. माझा बाप सालदार होता. मले नोकरी लागली तं माय पेढे घेऊन घरोघरी फिरली, अन् परत्येक घरी अर्धा घंटा बसून पहिल्यापासून सांगे, हा कसा सायकलनं कॉलेजात जाये, कशी एका पावसाळ्यात फी थकली, सगळं. तिले कोणी म्हटलं का बाई ६० शब्दांत आटप? पोस्ट म्हणजे तेच पेढे होत. अन् नम्र! नम्र व्हायचं ते नेमी आम्हीच. पुढाऱ्याच्या पुतण्याचा वाढदिवस असला की एसटी स्टँडपासून पंचायतीलोक फ्लेक्स लागते, तिकडे जा ना कात्री घेऊन. तिथं गुरुजी लोकं खुर्चीवर बसून टाळ्या वाजवते.

रिकामा_गुरुजी: टाळ्या मी वाजवत नाही. बाकी ठीक.

वर्धाकाठ: मी तं धागा उघडला की कोणाची पोस्ट लहान केली म्हणजे पद कमी केलं, डिमोशन. माझ्या साळ्याचं तसंच झालं होतं, सुपरवायझरचं परत हेल्पर केलं, त्यावर काई उपाय असन तं सांगा.

पुण्यात_वऱ्हाडी: गुरुजी बरोबर आहेत. सहा वर्षं पुण्यात आहे, स्ट्रगलची गोष्ट कोणी वाचत नाही, सरळ उडवायची. लिंक्डइनवर पहिल्या तीनेक ओळी दिसतात, बाकी बटणामागे जातं. आणि मराठीत टाकूच नका, इंग्रजीत चार ओळी, खाली दहा हॅशटॅग, झालं.

पऱ्हाटीवाला: तुमची गोष्ट कोणी वाचत नसन भाऊ. आमच्या गावची वाचते.

धामणगावची_ताई: बटणाचं खरं आहे, बाकीचं अर्धंच खरं. मी नऊ वर्षं एका संस्थेत माणसं निवडायचं काम केलं, अशा पोस्टी रोज बघायची. गुरुजी, तुमचंही चुकलं, कारण ६० हा आकडा तुम्ही हवेतून काढला. शब्द मोजून पोस्ट लहान होत नसते. एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं की हे दुसऱ्या कोणाच्या पोस्टमध्ये जसंच्या तसं चिकटेल का. चिकटत असेल तर ते त्या मुलाचं नाहीच, काढा. जे फक्त त्यालाच लिहिता येईल ते राहू द्या. त्याची मूळ पोस्ट टाकता का इथे, नाव आणि कंपनी झाकून?

रिकामा_गुरुजी: सगळी नाही टाकत, मधला मासला देतो. "अत्यंत नम्रपणे कळवताना मनस्वी आनंद होत आहे की एका नामांकित व झपाट्याने प्रगती करणाऱ्या कंपनीत माझी अत्यंत जबाबदारीच्या पदावर निवड झाली आहे. हा प्रवास सोपा नव्हता. अनेक चढउतार आले पण मी खचलो नाही. मातीशी नाळ न तोडता शेतकरी बांधवांच्या जीवनात परिवर्तन घडवण्याची ही सुवर्णसंधी आहे." चौथ्या परिच्छेदात कळतं की राळेगाव भागात एका शेतकरी उत्पादक कंपनीत क्षेत्र समन्वयक, १४ गावं, कापसाचं काम. आणि मध्येच एक वाक्य आहे, "आईने पोत गहाण ठेवून माझी शेवटच्या वर्षाची फी भरली."

धामणगावची_ताई: बघा, "नम्रपणे" लिहून लगेच "नामांकित", "झपाट्याने", "अत्यंत जबाबदारीच्या", "परिवर्तन". तो एक शब्द बाकीच्या चौघांना उचलू शकत नाही. "परिवर्तन घडवणार" यापेक्षा "१४ गावांत कापसाचं काम" हे कितीतरी नम्र आहे, कारण त्यात दावा कामाएवढाच आहे. "चढउतार आले" हे तर माझ्या म्हशीच्या पोस्टमध्येही बसेल. हे सगळं गेलं की १५० शब्द आपोआप गेले, कोणाचं मन न दुखवता.

मग क्रम. नोकरी चौथ्या परिच्छेदातून पहिल्या ओळीत, कारण बटणाच्या आधी तेवढंच दिसतं. आत्ता वाचणाऱ्याला सुविचार दिसतो आणि तो पुढे सरकतो, त्याला वाटतं गुड मॉर्निंगचा मेसेज आहे. व्हॉट्सअपवरही लांब मेसेज तसाच मधून कापला जातो. आणि आभार २३ जणांचे असले की एकाचेही होत नाहीत, उलट जो चोविसावा राहिला तो रुसतो. एकच माणूस घ्यायचा आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहायचं. बाकी २२ जणांना पोस्ट टाकायच्या आधी फोन.

बाभुळगावकर: ताई तो चोविसावा म्हणजे मीच. भाच्याच्या पोस्टमधी सगळे मामा होते, मी सोडून. त्याचा फॉर्म मी भरला होता, माझ्या पैशानं. दिवाळीले गेलो नाई मग.

वर्धाकाठ: पण ह्या शेतकरी कंपनीतल्या नोकऱ्या कंत्राटी रायते ना? ते लिहिलं का त्यानं? खरी गोम तिथं हाय. लोकं "निवड झाली" म्हणते अन् ११ महिन्याचं कंत्राट लपवते.

पऱ्हाटीवाला: कंत्राट काऊन लिहायचं? नोकरी ते नोकरी. दुकानवाला पाटीवर लिहिते का, जागा भाड्याची हाय म्हणून?

वर्धाकाठ: माझ्या चुलतभावाचं ऐका. चौकात फ्लेक्स लागला, "शासकीय सेवेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". खरं काय तं एजन्सीमार्फत कंत्राट, ऑपरेटर, दर साली ऑर्डर नवी. पोरगी पसंत झाली, सुपारी फुटली, अन् पोरीचा मामा निघाला त्याच हापिसात बाबू. त्यानं आस्थापनेत इचारलं, यादीत नावच नाई. लग्न मोडलं. फ्लेक्स मातर आठ महिने लटकून होता, शेवटी आम्हीच कुटारावर झाकाले काढून आणला.

बाभुळगावकर: ते फ्लेक्स छापणाऱ्याची चूक, आमच्याइकडे तो सगळ्यालेच शासकीय करते.

पुण्यात_वऱ्हाडी: पण कंत्राटी लिहिलं की लिंक्डइनवर किंमत कमी होते हे मान्य करा. पुढची कंपनी पगार पाडते.

धामणगावची_ताई: पगार कंत्राटावरून नाही, मागच्या स्लिपवरून पाडतात. पण हो, कंत्राटाबद्दल माझं पक्कं मत नाही. आधी वाटायचं लिहावंच. मग एकदा एका मुलीने लिहिलं आणि गावचा किराणावाला उधारी देईना, कारण ११ महिन्यांनी हिचं काय. ज्याला तिथेच राहायचंय त्याला ते वाक्य महाग पडू शकतं. मात्र खोटं लिहू नये. "रुजू झालो" लिहा, "शासकीय" किंवा "कायम" लिहू नका.

वर्धाकाठ: म्हणजे गोलमाल लिहा.

धामणगावची_ताई: म्हणजे जे विचारलं नाही ते सगळं सांगू नका. तुमच्या साळ्याचं डिमोशन तुम्ही आख्ख्या जगाला सांगितलं, त्याला विचारलं होतं?

वर्धाकाठ: त्याचं नाव कुठं सांगतलं मी. घ्या, मीच गप बसतो.

नवा_समन्वयक: नमस्कार, ती पोस्ट माझी आहे. गुरुजी, फोन यासाठी नव्हतो उचलत की तुम्ही पोस्ट वाचून अभिनंदन नाही म्हणालात, सरळ शब्द मोजले.

रिकामा_गुरुजी: हं. अभिनंदन.

पऱ्हाटीवाला: एकच शब्द. गुरुजी आटोपशीर हायेत बाप्पा.

नवा_समन्वयक: काल ताईंचं वाचून परत लिहिली. आधीची मी ऑफर लेटर आलं त्याच रात्री टाकली होती, रुजू व्हायला पंधरा दिवस बाकी होते आणि ते दिवस फार वाईट गेले, रोज वाटायचं आता यांनी नाही म्हटलं तर गावात तोंड कसं दाखवू. आता रुजू झालोय. ही बघा:

"१ ऑक्टोबरपासून राळेगावच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत क्षेत्र समन्वयक म्हणून रुजू झालो. १४ गावांतल्या सभासदांच्या कापसाची नोंद, घरी जाऊन ओलावा मोजणं आणि गाडी जिनिंगवर लागेपर्यंत सोबत राहणं हे काम. मीटर कसं धरायचं, गंजीच्या वरचा नाही तर आतला कापूस कसा घ्यायचा, हे मला गावच्या जिनिंगवरच्या ग्रेडर काकांनी दोन हंगाम शिकवलं, त्यांचे आभार. या भागात वेचणीचा कापूस दाखवायचा असेल तर फोन करा."

कंपनीचं नाव खऱ्या पोस्टमध्ये आहे, साहेबांना विचारून टाकलं. आईच्या पोतेचं वाक्य काढलं.

पऱ्हाटीवाला: तेच तं खरं वाक्य होतं ना बे! बाकी कोणालेही चिकटते म्हणता, पोत दुसऱ्याच्या पोस्टले चिकटते का? ताईच्याच नियमानं ते रायलं पाह्यजे.

धामणगावची_ताई: हे मात्र पऱ्हाटीवाल्यांनी बरोबर पकडलं. माझा नियम तिथे अपुरा पडतो. ते वाक्य फक्त त्याचं आहे, पण गोष्ट आईची आहे.

नवा_समन्वयक: तेच झालं. पोस्ट आल्यावर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अवं, पोत सोडवली का नाई मंग?" आईनं दोन वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं, लग्नाकार्यात खोटी घालून जायची. माझ्याशी बोलली नाही दिवसभर. संध्याकाळी फक्त म्हणाली, मले इचारलं असतं.

पऱ्हाटीवाला: मंग काढ. पण घरी तिच्यासमोर ती ४१२ शब्दांची सगळी वाचून दाखव एकदा. ते काई कापू नको.

नवा_समन्वयक: दाखवली भाऊ. सुविचार तिला आवडला.

पुण्यात_वऱ्हाडी: हॅशटॅग एकही नाही. रीच येणार नाही, आत्ताच सांगतो.

बाभुळगावकर: रीचचं जाऊ द्या. समन्वयक भाऊ, ओलावा ८ टक्क्याच्या वर गेला की सीसीआयवाले भाव कापते अन् १२ च्या वर घेतच नाई, बरोबर ना? माझी पहिली वेचणी दवातली हाय, सकाळी सातलेच बाया लावल्या होत्या, आता घरात गंजी लावली तं आतून गरम लागून रायली. मोडून उन्हात टाकू का तशीच ठेवू? तुमचं राळेगाव मले २५ किलोमीटर पडते.

नवा_समन्वयक: आजच मोडा, उद्याची वाट पाहू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा, दुपारी एकदा उलटा, आणि दव पडायच्या आत घरात घ्या. तुम्ही आमचे सभासद नाही पण रविवारी मीटर घेऊन येतो. गाव कोणतं?