शेवटच्या खोलीत वायफायची एकच काडी : आपला अनुभव लिहा

राउटर मुख्य दाराजवळ आहे, शेवटच्या खोलीत फोन जोडलेला दिसतो, पण पान फिरत राहते आणि उघडत नाही, असा अनुभव ठाणे व नवी मुंबईतील ज्यांना आला असेल, त्यांनी दोष कसा ओळखला ते लिहावे.

घोडबंदरकर : आमची इमारत मायवान पद्धतीची असल्याने आतल्या भिंतीही सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत आणि राउटर व शेवटची खोली यांच्यामध्ये न्हाणीघर येते. तक्रार नोंदवण्याआधी मी लॅपटॉपवरून राउटरलाच हाक मारून पाहिली. आमच्या राउटरचा पत्ता खालीलप्रमाणे आहे, तुमचा वेगळा असू शकेल.

```
ping -n 20 192.168.1.1
```

राउटरशेजारी प्रत्येक उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत आले. शेवटच्या खोलीत मधूनच `Request timed out.` दिसले आणि जी उत्तरे आली, ती रखडत आली. ही हाक घराबाहेर जातच नसल्यामुळे हा दोष घरातल्या वायफायचाच ठरला.

वाशीकर : 5 गिगाहर्ट्झ सोडून 2.4 वर या, एकाच्या तीन काड्या होतात. प्रश्न मिटला!

ऐरोलीकर (नेटवर्कचे काम करतो) : काड्या वाढतील हे खरे, कारण 2.4 भिंतीतून अधिक पार जाते. पण शेजारच्या सगळ्या घरांचे राउटरही तिथेच गर्दी करतात, त्यामुळे प्रश्न मिटेलच असे नाही. शिवाय काडी म्हणजे राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढेच. फोनचा स्वतःचा आवाज बहुधा राउटरपेक्षा क्षीण असतो, म्हणून त्याची मागणी परत पोहोचत नाही. राउटर आपल्या अस्तित्वाची घोषणा अगदी संथ गतीने करतो, ती क्षीण असली तरी कळते आणि फोन ‘जोडलेले’ दाखवत राहतो. फोनमधील सिग्नलचा आकडा उणे 80 डीबीएमच्या खाली गेला, तर मी काड्यांकडे पाहतही नाही.

खारघरकर : आमच्याकडे तर लिफ्टजवळ फोनच लागत नाही. टॉवर वाढवायला कुणाला सांगावे?

ऐरोलीकर : ते मोबाइलचे नेटवर्क झाले, येथे घरातल्या वायफायचा विषय आहे.

नेरुळकर : मी त्याच खोलीत रिपीटर लावला. आता काड्या पूर्ण दिसतात, पाने मात्र तशीच अडकतात.

ऐरोलीकर : त्या पूर्ण काड्या फोन आणि रिपीटर यांच्यामधल्या आहेत, रिपीटरला स्वतःला राउटर एका काडीनेच ऐकू येतो. राउटर अजून स्पष्ट ऐकू येतो अशा मधल्या जागी, शक्यतो पॅसेजमध्ये, तो हलवा आणि वरचीच हाक पुन्हा मारा.

घोडबंदरकर : आमच्याकडे पॅसेजमध्येही उत्तरे गळत होती, म्हणून टीव्हीच्या केबलसाठी ठेवलेल्या नळीतून लॅन केबल ओढून शेवटच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट बसवला. आता तिथेही उत्तर गळत नाही.

नेरुळकर : आमची नळी मध्येच बुजलेली आहे, आणि भाड्याचे घर असल्याने मालक भिंतीला हात लावू देत नाहीत. अशा घरात कुणी केबल उघड्यावरून नेली असल्यास, दाराच्या फटीतून ती चेपली जाते का, ते कृपया लिहावे.