मदत हवी आहे: सरासरी सारखी, व्हेरियन्स कमी, तरी सेकंड ऑर्डर डॉमिनन्स का नाही?

तळ्यातमळ्यात
एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अनिश्चिततेच्या पेपरातला एक प्रश्न काही केल्या पचत नाहीये. दोन लॉटऱ्या आहेत, प्रत्येकीत चार चिठ्ठ्या, आणि कुठलीही चिठ्ठी निघण्याची शक्यता सारखीच.

अ: ०, ४०००, ४०००, ४०००
ब: १०००, २०००, २०००, ७०००

दोन्हींची सरासरी ३०००. अ चा व्हेरियन्स ३० लाख येतो, ब चा ५५ लाख. कुठलंही युटिलिटी फंक्शन न धरता, माणसाला जास्त पैसे आवडतात आणि जोखीम आवडत नाही एवढंच मानून, यातली कोणती सरस ते सांगायचं आहे. फर्स्ट ऑर्डरने काही ठरत नाही, कारण दोघींचे सीडीएफ एकमेकांना छेदतात. म्हटलं सेकंड ऑर्डरला अ सहज जिंकेल. पण सीडीएफखालचं क्षेत्रफळ डावीकडून मोजत गेलो, तर आधी अ चं जास्त भरतं आणि पुढे ब चं. गणित कुठे चुकतंय का? आणि चुकत नसेल, तर निम्म्याच्या आसपास व्हेरियन्स असलेली लॉटरी कमी जोखमीची का ठरू नये?

हिशेबी_माणूस
टेबल पुन्हा तपासा. सरासरी सारखी असेल तर कमी व्हेरियन्सवाला पर्याय जोखीम टाळणाऱ्याला आवडणारच, पोर्टफोलिओचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. कुठेतरी एखादी पायरी ०.२५ ऐवजी ०.५ धरली गेली असेल.

कोपऱ्यातला_बाक
टेबल बरोबर आहे. हिशेबी_माणूस म्हणतात ते खरं ठरतं, पण अटींवर: परतावे नॉर्मल वितरणाचे असतील, किंवा माणसाची युटिलिटी द्विघाती असेल तर. इथे दोन्ही नाही. युटिलिटी न धरता निकाल द्यायचा म्हणजे प्रत्येक जोखीम टाळणाऱ्या माणसाचं एकमत हवं, आणि व्हेरियन्स हे त्यांतल्या एका विशिष्ट स्वभावाच्या माणसाचं मत झालं.

तळ्यातमळ्यात, क्षेत्रफळ म्हणून बघू नका, त्याने काहीच डोळ्यांपुढे येत नाही. समजा तुम्हाला k रुपयांची गरज आहे. लॉटरीतून त्याहून कमी आले तर जेवढे कमी पडले ती तूट, पुरेसे आले तर तूट शून्य. या तुटीची सरासरी काढा. k पर्यंतचं सीडीएफखालचं क्षेत्रफळ म्हणजे बरोबर हीच सरासरी तूट. सेकंड ऑर्डरची अट मग एवढीच उरते की गरज कितीही असो, सरस लॉटरीची सरासरी तूट दुसरीपेक्षा कधीच जास्त असता कामा नये.

तुमच्या आकड्यांवर लावू. गरज १००० ची असेल तर अ मध्ये चारातल्या एका चिठ्ठीला हजार कमी पडतात, म्हणजे सरासरी तूट २५०. ब मध्ये शून्य. गरज २००० असेल तर अ ची ५००, ब ची २५०. गरज ४००० वर नेली की चित्र उलटतं: अ ची तूट १०००, पण ब मध्ये ३०००, २००० आणि २००० कमी पडतात, सरासरी १७५०. दोन्ही तुटी २५०० च्या गरजेला समान होतात. तिथपर्यंत ब बरी, तिथून पुढे अ, आणि ७००० ला पोचल्यावर दोघींची तूट ४०००, कारण सरासरी सारखीच आहे. तेव्हा उत्तर हेच की सेकंड ऑर्डरने दोघींत कोणीच सरस नाही.

तळ्यातमळ्यात
तूट समजली, धन्यवाद. पण सगळ्या कॉनकेव्ह युटिलिटींचं एकमत फक्त तुटीवरून कसं कळणार? माणसं तर अनंत प्रकारची.

कोपऱ्यातला_बाक
एक साधा माणूस घ्या. त्याला k रुपयांपर्यंत प्रत्येक रुपयाचं सारखंच समाधान, त्यापुढे एक पैसाही नको. त्याची युटिलिटी म्हणजे min(x, k): वर चढणारी रेघ, k पाशी एक कोपरा, पुढे सपाट. या माणसाला कोणती लॉटरी आवडेल ते फक्त तुटीवर ठरतं. आता वेगवेगळ्या k चे असे कोपरे कमीजास्त वजनाने एकावर एक रचत गेलं की कुठलीही चढती कॉनकेव्ह रेषा हवी तितकी जवळून उभी करता येते. म्हणून कोपऱ्यावाल्यांचं एकमत झालं की सगळ्यांचं झालं. आणि त्यांच्यातले दोघे जरी विरुद्ध बाजूंना गेले, तरी एकमत तुटलं.

खात्री हवी तर वर्गमुळाची युटिलिटी लावा, हजारांत. अ ची बेरीज ६ येते, ब ची साधारण ६.४७. म्हणजे जोखीम टाळणारा हा माणूस जास्त व्हेरियन्सची ब उचलतो! त्याला त्या शून्याच्या चिठ्ठीचा धसका जास्त. आणि k = ४००० वाल्या माणसाला विचारा: अ चे १२, ब चे ९. दोघेही जोखीम टाळणारेच.

हिशेबी_माणूस
वर्गमुळाचं करून पाहिलं, येतंय खरं. तरी सरासरी आणि व्हेरियन्स हे दोन आकडे हातात असले की निर्णय होतो. तुमच्या पद्धतीत अर्ध्या वेळा "सांगता येत नाही" हेच उत्तर. ग्राहकाला तसं सांगून चालत नाही.

कोपऱ्यातला_बाक
"सांगता येत नाही" हेही उत्तरच आहे. तिथे माणसाचा स्वभाव विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, एवढं त्यातून कळतं. व्हेरियन्स तो न विचारताच ठरवून टाकतो.

याच मुद्द्यावर १९६९ मध्ये हानोक-लेव्ही आणि हेडार-रसेल यांचे लेख वेगवेगळ्या नियतकालिकांत आले, आणि १९७० मध्ये रॉथ्सचाइल्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी "जास्त जोखीम" म्हणजे नेमकं काय ते बांधून दिलं. त्यांचं म्हणणं चिठ्ठ्यांवरच दाखवतो. अ मध्ये थोडा बदल करून १०००, ३०००, ४०००, ४००० अशी लॉटरी घ्या, सरासरी तीच. ३००० च्या चिठ्ठीतून हजार काढून ४००० च्या एका चिठ्ठीला द्या: १०००, २०००, ४०००, ५०००. मग उरलेल्या ४००० मधून दोन हजार काढून ५००० ला द्या: १०००, २०००, २०००, ७०००. ही तुमची ब. दर वेळी लहान चिठ्ठीचे पैसे मोठीला दिले, म्हणजे लॉटरी पसरत गेली. असा रस्ता सापडला की सेकंड ऑर्डर डॉमिनन्स आहेच. मूळ अ वरून ब ला असं जाता येत नाही, कारण शून्याची चिठ्ठी हजारावर आणायची तर मोठीतून काढून लहानीला द्यावं लागतं.

सुटसुटीत
चिठ्ठ्यांची संख्या आणि शक्यता सारख्या असतील तर क्षेत्रफळाच्या भानगडीत पडूच नका. चढत्या क्रमाने लावा, बेरजा करत जा, वजाबाकी बघा.

```python
import numpy as np
a = np.sort([0, 4, 4, 4])
b = np.sort([1, 2, 2, 7])
print(np.cumsum(a) - np.cumsum(b))
# [-1  1  3  0]
```

सगळे आकडे शून्य किंवा धन असतील तर अ सरस, सगळे शून्य किंवा ऋण असतील तर ब. इथे मिसळ आहे, म्हणजे कोणीच नाही. फर्स्ट ऑर्डरसाठी `cumsum` काढून टाका, नुसती चिठ्ठीला चिठ्ठी लावून वजाबाकी करा.

बांधावरून
धागा चांगला आहे, माझंही विचारून घेतो. आमच्याकडे सोयाबीन आणि तूर. सोयाबीनचं वाईट वर्ष तुरीच्या वाईट वर्षापेक्षा बरं, चांगलं वर्षही तुरीच्या चांगल्या वर्षापेक्षा बरं. म्हणजे तूर फर्स्ट ऑर्डरलाच हरली ना? मग सगळे दोन्ही मिसळून का पेरतात? वडील तर ऐकतच नाहीत.

कोपऱ्यातला_बाक
वडिलांचं बरोबर असू शकतं. डॉमिनन्स "हे किंवा ते" यात निवड करतो. दोन्ही मिळून घेतलं की तिसरीच लॉटरी तयार होते. मानलेले आकडे घेऊ, एकरी हजारांत. एका प्रकारच्या पावसात सोयाबीन १०, तूर १. दुसऱ्या प्रकारात सोयाबीन २, तूर ९. दोन्ही प्रकारांची शक्यता सारखी. सोयाबीन २ आणि १०, तूर १ आणि ९, म्हणजे तूर फर्स्ट ऑर्डरला हरली. पण अर्धं-अर्धं पेरलं तर दोन्ही पावसांत ५.५. सरासरी ६ ची ५.५ झाली, पण वाईट वर्ष २ वरून ५.५ वर आलं. आता सेकंड ऑर्डरला एकट्या सोयाबीनला या मिश्रणावर मात करता येत नाही, आणि वर्गमुळाच्या माणसाला तर मिश्रणच आवडतं. सीडीएफमध्ये रक्कम आणि शक्यता एवढंच असतं, ती कुठल्या पावसात आली हे पुसलं जातं. मिसळताना नेमकं तेच लागतं.

बांधावरून
हे वडिलांना दाखवायचं की नाही, विचार करतो.

तळ्यातमळ्यात
मी "दोन्ही ऑर्डरने क्रम लागत नाही" असं लिहून सोबत वर्गमुळाचा आणि k = ४००० चा माणूस जोडतो. एक शंका उरली. खऱ्या डेटात, म्हणजे दोन फंडांचे वार्षिक परतावे वगैरे, याचं काय होतं?

सुटसुटीत
सगळं सर्वात वाईट वर्षापाशी अडतं. ज्याचं सर्वात वाईट वर्ष अधिक वाईट, तो बाकी सगळीकडे कितीही वरचढ असला तरी डॉमिनेट करूच शकत नाही, `cumsum` चा पहिलाच आकडा त्याच्या विरुद्ध जातो. दहा वर्षांचा डेटा असेल तर एक वर्ष सगळा निकाल पाडतं. म्हणून लेश्नो आणि लेव्ही यांनी २००२ मध्ये "जवळजवळ डॉमिनन्स" मांडला: उलट्या बाजूचं क्षेत्रफळ एकूण फरकाच्या मानाने अगदी किरकोळ असेल तर ते सोडून द्यायचं.

हिशेबी_माणूस
म्हणजे अगदी टोकाच्या स्वभावाच्या माणसांना यादीतून वगळायचं. हे मला पटतं.

कोपऱ्यातला_बाक
मला अर्धवटच पटतं. किरकोळ म्हणजे किती, ते कोण ठरवणार? तो आकडा धरला की मागच्या दाराने आपण युटिलिटीवर अट घातलीच. शिवाय दहा वर्षांत दिसलेलं सर्वात वाईट वर्ष आणि येऊ शकणारं सर्वात वाईट वर्ष यांत मोठा फरक असू शकतो.

सुटसुटीत
मग कुठलाच फंड कुठल्याच फंडापेक्षा सरस म्हणता येणार नाही. ते तरी चालेल का?

कोपऱ्यातला_बाक
माझं चालतं. ज्याला त्यातून फंड निवडायचा आहे त्याचं चालेलच असं नाही.