मदत हवी आहे: श्रिंक फिटसाठी गिअर किती तापवावा?

नमस्कार मंडळी. १०० मिमी शाफ्टवर स्टीलचा गिअर श्रिंक फिट करायचा आहे. मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजलेला इंटरफिअरन्स ०.१२ मिमी आहे. गिअर वाटेत अडकू नये म्हणून बसवताना ०.१० मिमी मोकळीक धरली, म्हणजे बोअर एकूण ०.२२ मिमी फुगायला हवा. स्टील दर अंशाला मिमीमागे ०.००००१२ मिमी प्रसरण पावतं, म्हणून १०० मिमीचा बोअर अंशाला ०.००१२ मिमी वाढेल. भागाकार केला की १८३ अंश येतात. खोलीचे ३० मिळवले की २१३ अंश सेल्सिअस.

अडचण इथेच आहे. गिअर केस हार्डन केलेला असून १८० अंशांवर टेम्पर झालाय. त्यापुढे तापवला तर दातांचा कडकपणा उतरेल, आणि ते मला अजिबात नकोय.

म्हणून शाफ्ट कोरड्या बर्फात, उणे ७८ अंशांपर्यंत थंड करायचा विचार आहे. तो साधारण ०.१० मिमी आकसला, तर गिअर १३० अंशांवरच भागेल. पण बाहेर काढताच शाफ्टवर दव गोठतं. तो थर ही मोकळीक खाऊन टाकेल का? की मोकळीकच कमी धरून, गिअर १७० अंशांवर ठेवून काम होईल? कोणी केलं असेल तर नक्की सांगा.