मदत हवी आहे : अपघात विभागाच्या प्रश्नाला ‘प्रायॉरिटी क्यू’ लिहूनही दहापैकी तीनच गुण

अनुजा_स

मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात असा प्रश्न होता की, रुग्णालयाच्या अपघात विभागात येणाऱ्या रुग्णांना गंभीरतेनुसार तपासायचे आहे, तर योग्य डेटा स्ट्रक्चर निवडा आणि निवडीची कारणे द्या. मी ‘प्रायॉरिटी क्यू’ असे उत्तर लिहिले, व्याख्या दिली, आकृती काढली आणि दोन उपयोगही लिहिले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत काल हाती आली. या प्रश्नाला दहापैकी तीन गुण आहेत आणि समासात केवळ ‘कारण?’ एवढाच शेरा आहे. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत परवा संपते. माझे उत्तर बरोबर आहे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

खडू_फळा

अनुजा, प्रश्न जसाच्या तसा लिही. निवडीचे प्रश्न त्यातल्या एकेका वाक्यावर उभे असतात आणि तू दिलेल्या सारांशात ती वाक्ये दिसत नाहीत. गंभीरता कशी मोजली आहे? समान गंभीरतेच्या दोन रुग्णांबद्दल काय म्हटले आहे? रांगेतला रुग्ण मधूनच निघून जाऊ शकतो का?

विनय७

प्रायॉरिटी क्यू म्हणजेच हीप, त्यामुळे उत्तर बरोबर आहे. तीन गुण देणे हा अन्याय आहे, अर्ज बिनधास्त करा. भरती O(log n), सर्वांत गंभीर रुग्ण बाहेर काढणे O(log n), आणखी कोणते कारण हवे?

खडू_फळा

विनय, ‘म्हणजेच’ या शब्दापाशीच गुण गेले असावेत. प्रायॉरिटी क्यू आपल्याला काय हवे ते सांगते, पण ते कसे साध्य करायचे हे सांगत नाही. तेच काम क्रमाने लावलेल्या ॲरेने होते, लिंक्ड लिस्टने होते, हीपने होते आणि संतुलित ट्रीनेही होते. प्रश्न या चौघांतून एक निवडायला सांगतो. त्यावर ‘प्रायॉरिटी क्यू’ लिहिणे म्हणजे गावाला कशाने जाणार या प्रश्नाला ‘वाहनाने’ असे उत्तर देण्यासारखे आहे.

मिलिंद_पाटणकर

मी मुलाखतींत नेहमी विचारतो की स्टॅक आणि क्यू यांत फरक काय, आणि निम्म्या उमेदवारांना तो सांगता येत नाही. अपघात विभागात शेवटी आलेला रुग्ण आधी घेता येणार नाही, म्हणून स्टॅक बाद ठरतो, असे लिहिले असते तर गुण मिळाले असते.

अनुजा_स

मिलिंद सर, स्टॅकचा प्रश्न वेगळा होता आणि त्याला मला पूर्ण गुण आहेत.

खडू_फळा सर, पूर्ण प्रश्न असा आहे : ‘प्रत्येक रुग्णाला येताक्षणी चढता टोकन क्रमांक व 1 ते 5 पैकी एक गंभीरता दिली जाते (1 सर्वाधिक गंभीर). डॉक्टर मोकळे झाल्यावर सर्वांत गंभीर रुग्ण आत घेतला जातो. समान गंभीरता असल्यास आधी आलेला आधी. प्रतीक्षेत असताना रुग्णाची गंभीरता बदलू शकते, तसेच रुग्ण निघून जाऊ शकतो. योग्य डेटा स्ट्रक्चर निवडा व प्रत्येक क्रियेचा वेळ देऊन निवडीचे समर्थन करा.’

ही सगळी माहिती महत्त्वाची असेल असे मला वाटले नव्हते. गंभीरतेनुसार क्रम हाच मुख्य मुद्दा वाटला.

खडू_फळा

आता नीट बोलता येईल. या प्रश्नात चार क्रिया आहेत : नवा रुग्ण येणे, सर्वांत गंभीर रुग्ण आत जाणे, गंभीरता बदलणे आणि रुग्ण निघून जाणे. साधा हीप पहिल्या दोन क्रिया उत्तम करतो, पण समान गंभीरतेच्या अटीत तो फसतो. हे कागदावर करून पाहा. गंभीरता 3 असलेले तीन रुग्ण एकामागून एक आले, त्यांची टोकन 11, 12, 13. केवळ गंभीरतेवर बांधलेल्या हीपच्या ॲरेत ते 11, 12, 13 असेच बसतात. 11 आत गेला की हीपच्या नियमाप्रमाणे शेवटचा, म्हणजे 13, मुळाच्या जागी येतो. त्याची तुलना 12 शी होते, दोघांची गंभीरता सारखीच, म्हणून अदलाबदल होत नाही. पुढच्या वेळी 13 आत जातो आणि आधी आलेला 12 बाहेर बसून राहतो. म्हणून तुलना गंभीरता आणि टोकन या जोडीवर करावी लागते. आधी गंभीरता पाहायची, ती सारखी असेल तर लहान टोकन पुढे. प्रश्नातला टोकन क्रमांक याच कामासाठी दिला आहे.

कोडकर

जोडीचा मुद्दा मला प्रत्यक्ष कामात अंगावर आला होता. मी पायथॉनमध्ये गंभीरता आणि रुग्णाचा ऑब्जेक्ट एवढेच हीपमध्ये टाकत होतो. चार दिवस सगळे व्यवस्थित चालले. पाचव्या दिवशी समान गंभीरतेचे दोन रुग्ण समोरासमोर आले आणि प्रोग्रॅम `TypeError: '<' not supported between instances of 'Patient' and 'Patient'` म्हणून थांबला. मध्ये टोकन घातल्यावर तुलना ऑब्जेक्टपर्यंत पोहोचतच नाही, कारण दोन टोकन कधी सारखी नसतात.

```python
heapq.heappush(h, (severity, token, patient))
```

विनय७

जोडीचा मुद्दा मान्य. पण मग उरलेल्या दोन क्रियांत अडचण कोणती? रुग्ण निघून गेला तर हीपमधून काढून टाकायचा, तेही O(log n) मध्येच होते.

खडू_फळा

काढण्याआधी तो सापडला पाहिजे. हीपमध्ये वरचा खालच्यापेक्षा पुढे असतो एवढीच हमी आहे, डावीकडचा आणि उजवीकडचा यांच्यात काहीही नाते नाही. त्यामुळे टोकन 57 कुठे आहे हे शोधायला पूर्ण ॲरे चाळावा लागतो आणि क्रिया O(n) होते. त्यासाठी सोबत एक हॅश टेबल ठेवायचे, ज्यात टोकनवरून हीपमधली जागा मिळते, आणि हीपमधल्या प्रत्येक अदलाबदलीबरोबर त्या टेबलातल्या दोन नोंदी बदलायच्या. मग शोधणे सरासरी O(1) आणि दुरुस्ती O(log n).

इथे विद्यार्थी आणखी एक चूक करतात, तीही सांगून ठेवतो. मधला घटक काढून त्या जागी शेवटचा ठेवला की तो नेहमी खालीच सरकेल असे ते गृहीत धरतात. 1, 10, 2, 11, 12, 3 हा हीप घ्या आणि त्यातून 11 काढा. त्या जागी 3 येतो, पण त्याच्या वर 10 बसला आहे. 3 ला वर जावे लागते. म्हणून दोन्ही दिशा तपासाव्या लागतात.

रेवती_कुलकर्णी

इतका खटाटोप कशासाठी, हे मला खरोखर कळत नाही. गंभीरता 1 ते 5 एवढीच आहे, हे प्रश्नाने आपणहून सांगितले आहे. पाच रांगा करा, प्रत्येक रांग दुहेरी लिंक्ड लिस्ट, आणि टोकनवरून नोड सांगणारे एक हॅश टेबल. नवा रुग्ण रांगेच्या शेवटी, आत जाणारा पहिल्या रिकाम्या नसलेल्या रांगेच्या तोंडाशी, निघून जाणारा मधूनच सुटा करायचा, गंभीरता बदलली तर एका रांगेतून काढून दुसरीच्या शेवटी लावायचा. चारही क्रिया O(1), आणि समान गंभीरतेचा क्रम कोणत्याही जोडीशिवाय आपोआप पाळला जातो. ‘1 ते 5’ वाचूनही हीप निवडणाऱ्याने प्रश्न नीट वाचलेला नाही, असे मी म्हणेन.

विनय७

हे मात्र पटले. अनुजा, हेच उत्तर.

खडू_फळा

रेवती, पाच रांगांची कल्पना चांगली आहे आणि मी परीक्षक असतो तर तिला गुण दिले असते. पण ‘दुसरीच्या शेवटी लावायचा’ इथे थांबा. 9:10 ला टोकन 41 आला, गंभीरता 3. 9:25 ला 42 आणि 9:30 ला 43 आले, दोघांची गंभीरता 2. 9:40 ला 41 ची प्रकृती बिघडली आणि त्याची गंभीरता 2 झाली. तुमच्या रांगेत क्रम 42, 43, 41 असा लागतो. प्रश्न म्हणतो, समान गंभीरता असल्यास आधी आलेला आधी, आणि आधी आलेला 41 आहे. त्याला टोकनच्या क्रमाने मधे घुसवायचे तर रांग चालत जावी लागते आणि गंभीरता बदलण्याची क्रिया O(n) होते. जोडीवर बांधलेल्या हीपमध्ये 41 ची जोडी (2, 41) होते आणि तो आपोआप पुढे येतो.

रेवती_कुलकर्णी

‘आधी आलेला’ म्हणजे विभागात आधी आलेला की त्या गंभीरतेत आधी आलेला, हे प्रश्नात कुठे लिहिले आहे? माझ्या वाचनात दुसरा अर्थही तितकाच बसतो. तुमचा अर्थ धरला तरी रांग शेवटाकडून मागे चालायची आहे, आणि अपघात विभागात एका गंभीरतेचे किती रुग्ण बसलेले असतील? पंधरा?

कोडकर

मी ज्या रुग्णालयासाठी प्रणाली लिहिली, तिथल्या डॉक्टरांनी रेवतीताईंचा अर्थ सांगितला होता. पुनर्तपासणीची वेळ हीच नवी आगमनाची वेळ धरायची. शेजारच्या रुग्णालयात मात्र मूळ वेळच धरतात.

आम्ही हीपमधून काहीच काढत नव्हतो. गंभीरता बदलली की नवी नोंद टाकायची, जुनी तशीच राहू द्यायची, आणि वर आलेली नोंद टेबलातल्या चालू गंभीरतेशी जुळली नाही तर फेकून द्यायची. यात एक खाच निघाली. एका रुग्णाची गंभीरता 3 वरून 2 आणि पुन्हा 3 झाली. त्यामुळे 3 ची जुनी नोंदही पुन्हा वैध ठरली आणि तपासून घरी गेलेल्या रुग्णाचे नाव दुसऱ्यांदा पुकारले गेले. रुग्ण आत जाताच त्याला टेबलातून काढून टाकायला आम्ही विसरलो होतो.

मिलिंद_पाटणकर

बाहेरच्या फलकावर पुढचे दहा रुग्ण क्रमाने दाखवायचे असतील तर हीप उपयोगाचा नाही, कारण हीपचा ॲरे क्रमाने लावलेला नसतो. संतुलित ट्री घ्या, जोडी तीच ठेवा.

खडू_फळा

मिलिंदराव, मुद्दा खरा आहे, पण प्रश्नात फलक नाही. मात्र टोकनवरून चालू गंभीरता सांगणारे टेबल ठेवले तर ट्रीमध्ये जोडीवरूनच रुग्ण सापडतो, जागांचा हिशेब ठेवावा लागत नाही, आणि चारही क्रिया O(log n) राहतात. त्यामुळे ट्री लिहिणाऱ्याचे उत्तर मी चूक म्हणणार नाही.

अनुजा_स

म्हणजे हीप, पाच रांगा आणि ट्री ही तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. मग मी अर्ज करावा की नाही?

खडू_फळा

तुझ्या उत्तरात टोकनचा उल्लेख आहे का? गंभीरता बदलण्याच्या क्रियेबद्दल एखादे तरी वाक्य आहे का?

अनुजा_स

छायाप्रत पुन्हा वाचली. टोकन नाही. गंभीरता बदलण्याबद्दल ‘ती बदलता येते’ एवढेच लिहिले आहे, वेळ लिहिलेला नाही.

विनय७

तरी अर्ज करा, एखादा गुण वाढेल.

खडू_फळा

मी असतो तर या प्रश्नासाठी अर्जाचे शुल्क भरले नसते. समासातला शेरा योग्य जागी आहे. पुढच्या पेपरात उत्तराच्या पहिल्याच ओळीत ‘आधी आलेला म्हणजे लहान टोकनचा, असे मी धरले आहे’ हे लिही आणि मग निवड कर.

रेवती_कुलकर्णी

आणि ‘त्या गंभीरतेत आधी आलेला’ असे धरलेस तर पाच रांगा लिही.